सलग सहा स्टॉपलॉस आणि सातवा ट्रेड

प्रश्न: निफ्टी ऑप्शनमध्ये माझे सलग सहा ट्रेड स्टॉपलॉस लागून गेले. आता सातवा नफ्यात जायची शक्यता वाढली असणार ना? लॉट दुप्पट करत गेलं तर एका फटक्यात सगळं वसूल होईल का?

शक्यता तसूभरही वाढलेली नाही. आणि दुप्पट करायचा हिशोब तुम्ही कागदावर मांडलेला दिसत नाही, नाहीतर हा प्रश्न पडलाच नसता. तुमच्याच सहा तोट्यांवर तो चालवून बघू.

समजा खात्यात २ लाख रुपये आहेत. एका लॉटचं प्रीमियम ८,००० रुपये आणि स्टॉपलॉस लॉटमागे २,००० चा. पहिल्या ट्रेडला १ लॉट, मग २, मग ४, ८, १६. पाच वेळा स्टॉपलॉस लागला की २, ४, ८, १६ आणि ३२ हजार असे मिळून ६२,००० गेले आणि खात्यात १,३८,००० उरले. सहाव्या ट्रेडला ३२ लॉट हवेत. त्यांचं प्रीमियम होतं २,५६,०००. तुमची जोखीम लॉटमागे दोनच हजारांची आहे हे खरं, पण ऑप्शन विकत घेताना प्रीमियम पूर्ण भरावं लागतं. म्हणजे उरलेल्या पैशांत जेमतेम १७ लॉट येतात. त्यात नफा झाला, आणि लॉटमागे दोन हजारच धरले, तरी ३४,००० परत येतात. २८,००० चा खड्डा तसाच.

म्हणजे सातव्या ट्रेडची गोष्ट सोडाच, ही युक्ती सहाव्यालाच अडकते. लॉट कायम ठेवला असता तर सहा तोट्यांत १२,००० गेले असते आणि खात्यात १,८८,००० असते.

बरं, युक्ती जमलीच असती तर हाती काय लागलं असतं? पाचव्या ट्रेडला नफा झाला असता, तर आधीचे ३०,००० वसूल होऊन वर २,००० उरले असते. दोन हजारांसाठी बासष्ट हजार पणाला लावायचे. ‘एक रिकव्हरी ट्रेड आणि विषय संपला’ असं छातीठोकपणे सांगणारे हा आकडा कधीच बोलत नाहीत, आणि त्यांच्याशी माझं भांडण इथूनच सुरू होतं.

त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: पाच तोटे सलग लागतातच कुठे? लागतात. प्रत्येक ट्रेड अगदी नाणेफेकीसारखा निम्मानिम्मा धरा. वर्षात बाजाराचे साधारण २५० दिवस असतात. रोज एक ट्रेड घेतला, तर वर्षात कुठेतरी सलग पाच तोट्यांची माळ लागण्याची शक्यता १०० पैकी ९८ आहे. सलग सहाची सुमारे ८७. तुमचे सहा तोटे म्हणजे नशिबाची खप्पामर्जी नव्हे, वर्षभर खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. पटत नसेल तर एक्सेलमध्ये हे सूत्र २५० ओळींत ओढा आणि `F9` दाबत राहा:

```
=IF(RAND()<0.5,1,-1)
```

दर वेळी सहा उणे एकांची रांग शोधा. मग तिच्या लगेच खालचा आकडा बघा. पाचपन्नास वेळा केलंत की कळेल, तो जवळपास निम्म्या वेळा पुन्हा उणेच असतो.

आता मूळ गैरसमजाकडे येतो. ‘शेवटी सरासरी निम्म्यावर येते, म्हणजे आता जिंकायची पाळी माझी.’ सरासरी निम्म्याकडे येते हे खरं, पण मागचं फिटून येत नाही. सहा तोट्यांनंतर तुमचे पुढचे ९९४ ट्रेड अगदी बरोबर निम्मे-निम्मे गेले असं समजू. एकूण १,००० पैकी ४९७ नफ्यात, ५०३ तोट्यात. टक्केवारी ४९.७ झाली, तरी फरक सहाचा होता तो सहाचाच राहिला. मागचा तोटा पुढच्या गर्दीत बुजून जातो, कोणी तो भरून देत नाही. इटलीच्या लॉटरीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ ते २००५ या काळात सलग १८२ वेळा निघाला नाही. ‘आता निघायलाच हवा’ म्हणून लोक रक्कम वाढवत गेले आणि घरंदारं घालवून बसले. ९ फेब्रुवारी २००५ ला तो निघाला, पण त्या दिवशीही त्याची शक्यता पहिल्या दिवसाइतकीच होती.

बाजारात तर पाळी लक्षात ठेवणारं कोणीच नाही. तुमच्या ऑप्शनचं मार्केट डेप्थ उघडा. डावीकडे पाच खरेदीचे भाव, उजवीकडे पाच विक्रीचे. प्रत्येकापुढे ऑर्डरींची संख्या आणि प्रमाण. समोरचा विकणारा १२० ला विकायला बसलाय, तो निफ्टी कुठे आहे, एक्स्पायरीला किती वेळ आहे आणि पुढे किती हालचाल होईल याचा अंदाज बांधून. तुम्ही मागचे सहा कितीला घेतले, हे त्या खिडकीत कुठल्याच रकान्यात नाही. पुढचा भाव ठरतो तो नव्याने येणाऱ्या ऑर्डरींवर. ‘इतका पडला, आता वर यायलाच हवा’ या म्हणण्यातही हीच चूक आहे. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता. निम्म्यावर आल्यावर स्वस्त म्हणून घेणारे पुष्कळ होते. ६ मार्च २०२० ला त्याने ५.५५ चा भाव पाहिला.

आणि नाणेफेकीचं गृहीतक ही माझी उदारता समजा. दोन भावांतली फट, ब्रोकरेज आणि एसटीटी वजा जाता निम्मे ट्रेड जिंकणारासुद्धा हळूहळू तोट्यातच जातो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधीच सांगायला हव्या होत्या. बाजार म्हणजे शुद्ध नाणेफेक नव्हे. मोठ्या हालचालीनंतर पुन्हा मोठी हालचाल येण्याचं प्रमाण जास्त असतं, पण ती वर की खाली हे त्यातून कळत नाही. उलट प्रीमियम फुगलेलं असतं, म्हणजे नेमक्या अशाच वेळी लॉट वाढवणं जास्त महाग पडतं.

दुसरी गोष्ट तुमच्या सहा ट्रेडबद्दल. ते खरंच सहा होते का, हे तपासा. पडत्या आठवड्यात सहा वेळा कॉल घेतला असेल, तर तो सहा वेळा मांडलेला एकच अंदाज आहे, आणि तो चुकला. कॉन्ट्रॅक्ट नोट काढून प्रत्येक ट्रेडपुढे तारीख, कॉल की पुट आणि त्या वेळची निफ्टीची दिशा लिहा. सहाही एकाच बाजूचे निघाले तर सातवा त्याच बाजूला घ्यायचं कारण नव्याने शोधा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दिशेने घेऊनही गेले असतील, तर पद्धत बिघडली की नुसतीच माळ लागली, हे सहा ट्रेडांवरून ठरत नाही. त्यासाठी निदान शंभरेक ट्रेडांची नोंद लागते. ती होईपर्यंत एकच लॉट, तोच दोन हजारांचा स्टॉपलॉस.