फिट माणसाचा एलडीएल: तूप, दूध, अंडी आणि इसबगोल यांचा हिशेब

प्रश्न: वय ३७, वजन ६४ किलो, आठवड्यातून चार दिवस धावतो, सिगरेट-दारू नाही, तळलेलं खात नाही. तरी एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६८ आलं. एचडीएल ६२, ट्रायग्लिसराइड ७०. रोज साधारण दोन मोठे चमचे तूप (एक सकाळच्या कॉफीत), अर्धा लिटर म्हशीचं दूध आणि १०० ग्रॅम पनीर खातो. भाकरी-भात नेहमीसारखाच. दोन महिने अंडी बंद करून पाहिली, आकडा हलला नाही. नेमकं काय बदललं की फरक पडतो?

उत्तर: मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत धावणारे, सायकल चालवणारे बरेच असतात. तुमच्यासारखा रिपोर्ट त्यांच्यात वरचेवर दिसतो.

तुमचे तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. ट्रायग्लिसराइड ७० आणि एचडीएल ६२ यांत तुमच्या धावण्याचा मोठा वाटा आहे. स्नायू ट्रायग्लिसराइड जाळतात, म्हणून नियमित व्यायामाने ते उतरतं आणि एचडीएल थोडं चढतं. एलडीएलवर मात्र व्यायामाचा परिणाम अगदी थोडा होतो. रक्तातलं एलडीएल उचलण्याचं काम मुख्यतः यकृत करतं. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ते शोधले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. हे रिसेप्टर कमी झाले की एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि रिपोर्टमधला आकडा वाढतो. त्यांची संख्या आणि काम जनुकांवर, थायरॉइडवर आणि खाण्यातल्या सॅच्युरेटेड फॅटवर अवलंबून असतं. त्यामुळे पोट सपाट असणं आणि एलडीएल कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंडी बंद करून काही झालं नाही, याचंही कारण इथेच आहे. अंड्यात कोलेस्टेरॉल असतं, पण खाण्यातून ते जास्त आलं की बहुतेकांचं यकृत स्वतःचं उत्पादन कमी करतं. काही जणांचा आकडा अंड्यांनी जास्त चढतो, पण असे लोक थोडे. सॅच्युरेटेड फॅट एका अंड्यात जेमतेम दीड ग्रॅम असतं. तुम्ही रोज पिता त्या अर्ध्या लिटर म्हशीच्या दुधात ते वीस ग्रॅमच्या आसपास असतं. तुम्ही अंडी सोडलीत आणि दूध तसंच ठेवलंत, म्हणजे दीड ग्रॅमच्या मागे लागून वीस ग्रॅम सोडून दिले.

आता तुमच्याच ताटाचा हिशेब करू. दोन मोठे चमचे तूप म्हणजे सुमारे २६ ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड फॅट १६ ग्रॅम. दूध २१ ग्रॅम धरा आणि पनीर १४. या तीन गोष्टींतूनच रोज ५० ग्रॅम येतात. तुमचा दिवसाचा आहार २४०० कॅलरींचा धरला, तर जवळजवळ एकोणीस टक्के ऊर्जा निव्वळ सॅच्युरेटेड फॅटमधून येते आहे. एलडीएल वाढलेल्या माणसाला हे प्रमाण सातेक टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, आणि तुमच्या स्वयंपाकाच्या तेलातलं तर मी अजून मोजलेलंही नाही.

बदल असा करून पाहा. तूप दिवसाला एक छोटा चमचा, वरणभातावर. कॉफीतलं पूर्ण बंद. दूध तितकंच, पण डबल टोन्ड. पनीर आठवड्यातून दोन दिवस. असं केलं की ५० ग्रॅमचे साधारण १२ ग्रॅम होतात, म्हणजे एकूण ऊर्जेतला सॅच्युरेटेड फॅटचा वाटा चौदा-पंधरा टक्क्यांनी घटतो. आहारावरच्या नियंत्रित प्रयोगांतून एक ढोबळ प्रमाण पक्कं झालेलं आहे. सॅच्युरेटेड फॅटमधून येणारी एक टक्का ऊर्जा पॉलिअनसॅच्युरेटेड फॅटमधून आली, तर एलडीएल सरासरी दोन मिलिग्रॅमने उतरतं. तीच पिष्टातून आली तर सव्वा-दीडने. तुमच्या बाबतीत दोन्हींची मिसळ धरून २० ते २५ ची घट अपेक्षित धरता येईल. ही सरासरी आहे. एखाद्याचा आकडा ४० ने उतरतो, एखाद्याचा १० नेच.

काढलं त्याच्या जागी काय आलं, यावरच पुढचं सगळं ठरतं आणि बहुतेक जण इथेच फसतात. वरच्या बदलात तुमच्या ताटातून साडेपाचशे कॅलरी आणि बरीचशी प्रथिनं जातील. चार दिवस धावणाऱ्या ६४ किलोच्या माणसाने ती पोकळी तशीच ठेवली, तर आठवड्याभरात भूक आणि थकवा येईल आणि मग बिस्किटं, खारी, ब्रेड सुरू होतील. त्यांतल्या बऱ्याच वस्तू वनस्पती तूप किंवा पामतेलात केलेल्या असतात, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट मागच्या दाराने परत. म्हणून आधीच भरून काढा. मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम, अक्रोड-बदाम-शेंगदाणे. पनीर नसेल त्या दिवशी मसूर, हरभरे, मटकीची उसळ किंवा सोयाबीनच्या वड्या. एक भाकरी जास्त. आणि फोडणीसाठी करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल.

करडईबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण सोलापूर-मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या पिकणारं हे तेल आपल्याच घरांतून मागे पडत चाललंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नेहमीच्या करडईच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल, म्हणजे पॉलिअनसॅच्युरेटेड फॅट, असतं आणि सॅच्युरेटेड फॅट दहा टक्क्यांच्या आत. शेंगदाणा तेलही चालेल, त्यात ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. खोबरेल तेलात मात्र ऐंशी टक्क्यांहून जास्त असतं, आणि प्रयोगांत इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत त्याने एलडीएल सरासरी दहाच्या आसपास वाढलेलं दिसलं आहे. लाकडी घाणा, बिलोना पद्धत, ए-टू गाय या शब्दांनी चव आणि किंमत बदलते, सॅच्युरेटेड फॅटचं प्रमाण फारसं बदलत नाही.

दुसरी गोष्ट विरघळणाऱ्या तंतूंची, आणि त्यासाठी इसबगोलासारखं स्वस्त काही नाही. तो आतड्यात जेलसारखा होतो आणि पित्ताम्लांना बांधून बाहेर नेतो. नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, म्हणून ते जास्त रिसेप्टर उभे करतं आणि रक्तातलं एलडीएल उचलतं. दिवसाला १० ग्रॅमने एलडीएल सरासरी १० ते १३ ने उतरतं. सुरुवात ३-४ ग्रॅमने करा, नाहीतर पोट फुगेल. आठवड्याभरात ५ ग्रॅम दोन वेळा यावर या, आणि प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाणी हवंच. थायरॉइडची किंवा दुसरी गोळी चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. इसबगोल नको असेल तर ७५ ग्रॅम ओट्समधून ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान हा विरघळणारा तंतू मिळतो आणि त्याचाही परिणाम याच्या जवळपास जातो. ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तम आहे, पण तिचे बहुतेक तंतू न विरघळणारे असतात. त्यांनी पोट साफ राहील, एलडीएलवर फार काही दिसणार नाही.

बाकीचं थोडक्यात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल ट्रायग्लिसराइडसाठी असतात आणि तुमचं ते आधीच ७० आहे. लिंबू-मध-पाण्याने एलडीएल उतरत नाही. कीटो किंवा भात-भाकरी पूर्ण बंद करण्याचा सल्ला मित्रांकडून आला, तर तुमच्यासारख्या सडपातळ माणसाने तो घेऊ नये. पिष्ट अगदी कमी केल्यावर एलडीएल सर्वांत जास्त चढतं ते बारीक आणि व्यायाम करणाऱ्यांचंच. कधीकधी ते २०० च्या वर जातं, आणि दिवसाला ५० ते १०० ग्रॅम पिष्ट परत सुरू केल्यावर ठळकपणे उतरलेलं पाहण्यात आलं आहे.

मोजायचं कसं, हे नीट पाळा. काहीही न बदलता एलडीएल एका तपासणीपासून दुसरीपर्यंत आठ-दहा टक्क्यांनी वरखाली होतं. म्हणून आत्ताच, बदल करण्याआधी, आणखी एकदा तपासा आणि दोन्हींची सरासरी ही सुरुवात धरा. त्यासोबत टीएसएच करून घ्या, कारण थायरॉइड मंदावला तर एलडीएल चढतं आणि मग आहाराला उगाच दोष जातो. बदलानंतर सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, तेवढ्याच उपाशीपोटी, वजन स्थिर असताना तपासा. मध्ये ताप किंवा मोठा संसर्ग झाला तर तीन-चार आठवडे थांबा. आजारपणात एलडीएल तात्पुरतं पडतं आणि आहाराने काम केल्यासारखं वाटतं.

१६८ वरून १३५ च्या आसपास आलात, तर आहाराने त्याचं काम केलं असं समजा. त्यानंतर औषध लागेल की नाही, हे वय, रक्तदाब, साखर आणि घरातला इतिहास पाहून डॉक्टर ठरवतील. सगळं नीट पाळूनही १५५-१६० वर अडकलात, तर ताट आणखी कमी करत बसू नका. आनुवंशिकतेकडे पाहायला हवं. एलडीएल १९० च्या वर जात असेल, वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल, टाचेमागची शीर जाड आणि गाठाळ वाटत असेल, तर आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमियाची शक्यता असते. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. त्यात रिसेप्टरच सदोष असतात, म्हणून आहाराने थोडंच होतं आणि औषध लवकर सुरू करावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मॅरेथॉन धावपटू ताईंनी, आईला लवकर झटका आलेला असूनही, 'मी फिट आहे' म्हणून काही वर्षं डॉक्टरकडे जाणं टाळलं होतं. आज त्या स्टॅटिन घेतात आणि पूर्वीइतक्याच धावतात.

पुढच्या तपासणीत लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कण, एकदाच मोजून घ्या. ते बहुतांशी जनुकांवर ठरतं आणि ना आहाराने हलतं ना धावण्याने. ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर तुमचं १३५ हे दुसऱ्याच्या १३५ पेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावं लागेल. तो रिपोर्ट घेऊन थेट हृदयरोगतज्ज्ञांना भेटा.