दुप्पट होत जाणारा बॅकऑफ आणि ३० सेकंदांची कॅप: एकूण थांबणं किती होतं?

प्रश्न: आमच्या जॉबमध्ये एपीआय कॉल फेल झाला की १० वेळा रिट्राय होतो. पहिल्यांदा ५०० मिलिसेकंद थांबायचं, मग दरवेळी दुप्पट, पण ३० सेकंदांच्या वर नाही. प्रत्येक कॉलचा टाइमआउट १० सेकंद आहे. सूत्र लावलं की एकूण ५११.५ सेकंद येतात, पण लॉगमध्ये जॉब ४ मिनिटं २१ सेकंदांत फेल झालेला दिसतो. सूत्र चुकतंय की कोड?

उत्तर: तुमचा कोड ठीक आहे. ५११.५ हा आकडा कॅप नसताना खरा ठरला असता: ०.५ पासून सुरू करून दहा वेळा दुप्पट करत गेलात तर बेरीज ०.५ × १०२३ येते. पण तुमची दुप्पट सातव्या थांब्यालाच अडते. थांबे एकेक लिहून काढा: ०.५, १, २, ४, ८, १६, आणि पुढचा ३२ व्हायला हवा होता तो कॅपमुळे ३०. त्यानंतर ३०, ३०, ३०. पहिल्या सहांची बेरीज ३१.५ आणि उरलेल्या चारांची १२०, म्हणजे १५१.५ सेकंद. लॉगमधल्या २६१ पेक्षा हे बरंच कमी आहे. त्या फरकाकडे येतोच, आधी सूत्र सरळ करून घेऊ.

```
m = ceil(log2(cap / base))
n <= m :  total = base * (2^n - 1)
n >  m :  total = base * (2^m - 1) + (n - m) * cap
```

इथे `base` म्हणजे पहिला थांबा, `cap` म्हणजे कॅप, `n` म्हणजे रिट्रायची संख्या आणि `m` म्हणजे कॅपला टेकण्याआधीचे थांबे. तुमच्या बाबतीत ३० भागिले ०.५ म्हणजे ६०. दोनाचा सहावा घात ६४, म्हणून `m` सहा. सूत्र लक्षात ठेवायचं नसेल तर ही एक ओळ पुरते, आणि मी स्वतः हीच चालवतो:

```python
sum(min(30, 0.5 * 2**i) for i in range(10))   # 151.5
```

सूत्राकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. दुप्पट होणाऱ्या भागाची बेरीज कितीही झाली तरी दोन कॅपच्या आतच राहते, कारण शेवटचा दुप्पट थांबा कॅपपेक्षा लहान असतो आणि त्याच्या आधीच्या सगळ्यांची बेरीज त्या शेवटच्यापेक्षाही कमी भरते. म्हणजे तुमच्याकडे तो भाग ६० सेकंदांच्या वर जाणं शक्यच नव्हतं. त्यापुढे प्रत्येक रिट्राय सपाट ३० सेकंद घेतो. नाव ‘एक्स्पोनेन्शियल’ असलं तरी सहाव्या थांब्यानंतर वेळ सरळ रेषेत वाढतो, आणि एकूण आकडा ठरवते ती कॅप.

सुरुवातीचा आकडा बदलला की काय होतं तेही यावरूनच कळतं. ५०० ऐवजी २५० मिलिसेकंद केलेत तर रांगेत पुढे ०.२५ जोडला जातो, सगळे थांबे एक जागा मागे सरकतात आणि शेवटचा ३० गळतो. एकूण होतं १२१.७५. सुरुवात पाव सेकंदाने कमी केली आणि एकूण वेळ जवळजवळ अर्ध्या मिनिटाने घटला. ‘पहिला रिट्राय जरा लवकर होऊ दे’ म्हणून टीममध्ये कुणी हा बदल करतं, तेव्हा हा परिणाम सहसा कुणी मोजलेला नसतो.

आता लॉगमधला फरक. १५१.५ ही फक्त झोपेची बेरीज आहे. कॉल स्वतः फेल व्हायलाही वेळ घेतो. दहा रिट्राय म्हणजे मूळ कॉल धरून अकरा कॉल, प्रत्येकाचा टाइमआउट १० सेकंद, म्हणजे आणखी ११० सेकंद. १५१.५ अधिक ११० बरोबर २६१.५, आणि तेच तुमचे ४ मिनिटं २१ सेकंद. खात्री करायची तर लॉगमध्ये लागोपाठच्या दोन कॉलच्या सुरुवातींमधलं अंतर काढा. १०.५, ११, १२, १४, १८, २६ आणि मग चार वेळा ४० असा क्रम दिसायला हवा. तसा दिसला तर प्रत्येक कॉल पूर्ण टाइमआउट खाऊन मेला आहे.

यातून एक गोष्ट हाती लागते. समोरच्या सर्व्हरवरची प्रोसेस पडलेली असेल पण मशीन चालू असेल, तर कनेक्शन काही मिलिसेकंदांत नाकारलं जातं आणि हाच जॉब अडीच मिनिटांत हात टेकतो. मशीनच बंद असेल किंवा मध्ये फायरवॉल पॅकेट गिळत असेल, तर उत्तरच येत नाही आणि तोच जॉब सव्वाचार मिनिटांच्या वर जातो. सेटिंग एकच आहे. फरक फक्त बिघाडाच्या जातीचा आहे. म्हणून ‘आपला रिट्राय किती वेळ चालतो’ याचं एकच उत्तर देऊ नये. किमान आणि कमाल, दोन्ही सांगावेत.

अकराव्या कॉलनंतर रिट्राय नाही, तरी त्या कॉलचं फेल होणं मोजावंच लागतं, हा मुद्दा लिनक्सच्या टीसीपीमध्ये फार स्वच्छ दिसतो. चालू कनेक्शनवर पाठवलेल्या डेटाची पोच आली नाही तर कर्नल तो पुन्हा पाठवतं, आणि किती वेळा ते `net.ipv4.tcp_retries2` ठरवतं. डीफॉल्ट १५. थांबा कमीत कमी २०० मिलिसेकंदांपासून सुरू होतो, दुप्पट होतो आणि १२० सेकंदांना अडतो. ०.२ ते १०२.४ असे दहा थांबे, बेरीज २०४.६. पुढचे सगळे १२० चे. पण पुढचे किती? पाठवणं १५ वेळा होतं, थांबणं मात्र १६ वेळा, कारण शेवटचं पॅकेट पाठवल्यावरही पोच येते का ते पाहायला थांबावंच लागतं. म्हणून १२० गुणिले ६, म्हणजे ७२०, आणि एकूण ९२४.६ सेकंद. कर्नलच्या कागदपत्रांत हाच आकडा दिलेला आहे, आणि तो किमान धरायचा असंही सांगितलं आहे, कारण लांबच्या नेटवर्कवर पहिला थांबा २०० मिलिसेकंदांहून मोठा असतो.

डेटाबेसचं कनेक्शन मध्येच तुटलं आणि ॲपमध्ये वेगळा टाइमआउट लावलेला नसला, तर क्वेरी पंधरा मिनिटांहून जास्त लटकते ती याच हिशोबाने. असं कनेक्शन पकडायला `ss -to` चालवा. `timer:(on,1min32sec,11)` अशी नोंद दिसली तर पुढच्या प्रयत्नाला किती वेळ उरला आहे आणि आतापर्यंत किती वेळा पुन्हा पाठवून झालं, ते दोन्ही तिथेच वाचता येतं.

तुमच्या कोडमध्ये जिटर, म्हणजे थांब्यांत मुद्दाम घातलेला यादृच्छिक फरक, आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. लॉगचा आकडा इतका तंतोतंत जुळतोय म्हणजे बहुधा नसावा. तो घालाच, नाहीतर एकाच वेळी फेल झालेले सगळे जॉब एकाच क्षणी परत येऊन नुकत्याच उठलेल्या सर्व्हरवर आदळतात. पण घालताना बेरीज नव्याने करा. ‘फुल जिटर’ या पद्धतीत प्रत्येक थांबा शून्य ते ठरलेल्या आकड्याच्या मधला कुठलाही असतो, म्हणून सरासरी निम्मी होते: १५१.५ चे ७५.७५. एखाद्या वेळी ४५ सेकंद, एखाद्या वेळी ११०. अर्धा भाग पक्का आणि अर्धा यादृच्छिक ठेवलात तर सरासरी तीन चतुर्थांशावर येते. म्हणजे जिटर घालून रिट्रायची संख्या तीच ठेवली तर जॉब पूर्वीपेक्षा लवकर हार मानेल.

आता उलटा प्रश्न, जो खरं तर आधी विचारायला हवा: समोरची सेवा किती वेळ बंद राहिली तरी जॉब तगायला हवा? समजा डिप्लॉयमेंटला १० मिनिटं लागतात. वाईटातली वाईट गोष्ट धरा, कॉल लगेच नाकारला जातो आणि टाइमआउटचा वेळ पदरात पडत नाही. ६०० मधून ३१.५ वजा केले की ५६८.५ उरतात. त्याला ३० ने भागलं की १८.९५, म्हणजे १९. सहा अधिक १९, एकूण २५ रिट्राय, थांबणं ६०१.५ सेकंद. फुल जिटर असेल तर नुसती सरासरी १० मिनिटांवर न्यायलाच ४५ रिट्राय लागतात, आणि तरीही जवळजवळ निम्मे जॉब त्याआधीच संपतील. म्हणून मी संख्या मोजण्यापेक्षा मुदत लावतो: पहिल्या कॉलपासून १२ मिनिटं होईपर्यंत रिट्राय करत राहा, पुढचा थांबा मुदतीपलीकडे जात असेल तर तिथेच रिट्राय सोडून द्या. मग बिघाडाची जात, जिटर, टाइमआउट काहीही असो, वरची मर्यादा हातात राहते.

हाच कोड उद्या कुणी वेब रिक्वेस्टमधून वापरला तर मुदत वेगळी हवी. समोर एनजिनएक्स असेल तर `proxy_read_timeout` डीफॉल्टने ६० सेकंदांचा असतो. तुमच्या वेळापत्रकात ६० सेकंदांत पाचच कॉल होतात, सहावा ६५.५ व्या सेकंदाला सुरू होतो. तोवर वापरणाऱ्याला ५०४ हा टाइमआउटचा एरर मिळालेला असतो, आणि उरलेले सहा कॉल कुणीच वाट पाहत नसताना चालतात.

२५ रिट्रायवर जाणार असाल आणि कोड जावामध्ये असेल तर ही ओळ शोधा:

```java
int delay = Math.min(30000, 500 << i);
```

`i` शून्यापासून २२ पर्यंत हे बरोबर चालतं. `i` २३ झाला, म्हणजे चोविसाव्या रिट्रायला, गुणाकार `int` च्या बाहेर जातो आणि उत्तर येतं -100663296. `Math.min` ऋण आकडा आनंदाने परत देतो, आणि `Thread.sleep` त्यावर `IllegalArgumentException` फेकतो. दहा रिट्राय असताना हे कधी दिसणारच नाही. जी भाषा ऋण थांब्यावर तक्रार करत नाही तिथे तर जास्त वाईट होतं: थांबणं शून्य होतं आणि उरलेले कॉल एकापाठोपाठ एक सुटतात. घातालाच कॅप लावा, `500 << Math.min(i, 6)`. सहाव्या घाताला ३२००० येतात, ते ३०००० च्या वर आहेतच, त्यामुळे बाहेरचा `Math.min` पूर्वीसारखाच काम करतो आणि वेळापत्रकातला एकही आकडा बदलत नाही.