सर्वोत्तम शंभर क्रेडिट आणि चाळीस क्रेडिटचा प्रबंध

प्रश्न : मी नाशिकची, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात बी.एस्सी. ऑनर्स केलं. नियमावलीत लिहिलंय की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची प्रत्येकी सर्वोत्तम १०० क्रेडिट धरायची आणि त्यांना २५ व ७५ टक्के भार द्यायचा. दुसऱ्या वर्षाची माझी सरासरी ५८ आहे. तिसऱ्या वर्षी २० क्रेडिटच्या चार विषयांत ६६, ६४, ६३, ६१ आणि ४० क्रेडिटच्या प्रबंधात ५० गुण मिळाले. निकाल आला ५८.४५, म्हणजे टू-टू, दुसऱ्या वर्गातली खालची श्रेणी. विचारल्यावर दोन ओळींचा ईमेल आला : 'प्रबंध पूर्णच धरावा लागतो.' माझ्या हिशेबाने त्याच वर्गातली वरची श्रेणी, टू-वन, यायला हवी होती. बाबा विद्यापीठाला पत्र लिहायचं म्हणताहेत. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण मुदत फार थोडी असते. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर सगळ्यात आधी निकालाविरुद्ध अपील करण्याची शेवटची तारीख शोधा. बहुतेक ठिकाणी निकालानंतर दोन ते चार आठवडेच मिळतात.

आता तुमचा आकडा पाहू, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. तिसऱ्या वर्षाची सगळी १२० क्रेडिट धरली तर सरासरी ५९ येते आणि दुसऱ्या वर्षासह एकूण ५८.७५. तुम्हाला मिळाले ५८.४५. म्हणजे काहीतरी वगळलं गेलं आणि त्यामुळे तुमचे गुण कमी झाले. मी गणित करून पाहिलं. त्यांनी प्रबंधाची चाळीसच्या चाळीस क्रेडिट आत ठेवली आणि शंभराच्या मर्यादेत बसवण्यासाठी तुमचा ६१ गुणांचा विषय काढून टाकला. तसं केलं की तिसऱ्या वर्षाची सरासरी ५८.६ होते आणि एकूण बरोबर ५८.४५. कमकुवत भाग सोडून देण्यासाठी केलेल्या नियमाने तुमचा चांगला विषय गेला आणि सगळ्यात कमी गुणांचा भाग दुप्पट वजनाने राहिला.

नियमातला शब्द 'क्रेडिट' आहे, 'विषय' नाही. महाराष्ट्रात दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह धरतात तेव्हा मोजायचं एकक विषय असतं. तिथे अर्धा विषय धरायचा का, हा प्रश्नच उद्भवत नाही. इथे एकक क्रेडिट आहे. शंभर सर्वोत्तम क्रेडिट म्हणजे चार विषयांची ऐंशी आणि प्रबंधातली वीस. तशी सरासरी ६०.८ येते. तिचे ७५ टक्के ४५.६ आणि दुसऱ्या वर्षाचे १४.५, मिळून ६०.१. टू-वनची रेषा ६० आहे. तुमचा हिशेब बरोबर आहे. मोठ्या विषयाची सगळी न धरता थोडीच क्रेडिट धरणं विचित्र वाटतं, पण अनेक विद्यापीठांची निकालप्रणाली नेमकं हेच करते.

विद्यापीठाची बाजू कुठे भक्कम ठरू शकते, तेही सांगायला हवं. 'सर्वोत्तम १०० क्रेडिट, ज्यात प्रबंध पूर्ण धरलेला असेल' अशी अट काही नियमावल्यांत खरोखर असते. अभियांत्रिकीसारख्या काही अभ्यासक्रमांत व्यावसायिक संस्थेच्या मान्यतेसाठी ठरावीक विषय वगळता येत नाहीत. म्हणून ईमेलमधलं ते वाक्य नियमावलीत आहे का, हे शोधा. तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षीची प्रत आणि यंदाची प्रत, दोन्ही उतरवून घ्या. वाक्य फक्त विभागाच्या माहितीपुस्तिकेत असेल, तर विद्यापीठाची मुख्य नियमावली आणि पुस्तिका यांत विरोध आल्यास काय चालतं, हेही बघा. बहुधा मुख्य नियमावलीच वरचढ असते. वाक्य तुमच्या शिक्षणादरम्यान घुसवलेलं असेल, तर ते तुम्हाला कधी आणि कसं कळवलं, हे विचारा. इंग्लंडची नियामक संस्था ऑफिस फॉर स्टुडंट्स हिने कमी गुणांची क्रेडिट वगळण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आहे, त्यामुळे विद्यापीठं आता हे नियम बदलताहेत. पुढच्या तुकडीसाठी त्यांनी ते जरूर बदलावेत. अर्ध्या वाटेवर असलेल्या विद्यार्थ्याच्या पायाखालून नियम काढून घेणं ही निराळी गोष्ट आहे, आणि तिथे मी विद्यापीठाला सहज सोडणार नाही.

ते वाक्य कुठेच सापडलं नाही, तर तुमच्या हातात एक चांगला मुद्दा आहे. शिकण्यासाठी फी भरणारा विद्यार्थी तिथल्या कायद्यात ग्राहक ठरतो. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टचं कलम ६९ सांगतं की करारातल्या अटीचे दोन अर्थ निघत असतील, तर ग्राहकाच्या फायद्याचा अर्थ धरायचा. समजा 'सर्वोत्तम १०० क्रेडिट'चे खरोखरच दोन अर्थ होतात, तरी निकाल तुमच्या बाजूने झुकतो. शिवाय त्यांचा अर्थ घेतला तर 'सर्वोत्तम' क्रेडिट धरल्यावर येणारा आकडा सगळी क्रेडिट धरल्यापेक्षाही कमी भरतो. असा अर्थ टिकवणं अवघड आहे. अपिलात तिन्ही गणितं एकाखाली एक मांडा : ५८.४५, ५८.७५, ६०.१.

एक मोह मात्र टाळा. प्रबंधाला ५० म्हणजे फारच कमी दिले, मार्गदर्शकाने वेळ दिला नाही, असं काही या अपिलात मिसळू नका. गुण किती द्यायचे हा शैक्षणिक निर्णय आहे. त्यात इंग्लंडची न्यायालयं पडत नाहीत, आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणारं ओआयए हे स्वतंत्र कार्यालयही २००४ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टनुसार पडू शकत नाही. दिलेल्या गुणांवरून श्रेणी काढताना नियम बरोबर लावला का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारता येतो. तुमचं सगळं बळ या फरकात आहे. ५० गुण मान्य आहेत असं पहिल्याच ओळीत लिहून टाका.

विद्यापीठाने अंतिम नकार दिला की 'कम्प्लिशन ऑफ प्रोसिजर्स' नावाचं पत्र मागून घ्या. त्या पत्राच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत ओआयएकडे तक्रार करता येते आणि विद्यार्थ्याकडून ते पैसे घेत नाहीत. तुमचं विद्यापीठ इंग्लंडमध्ये आहे म्हणून हा रस्ता आहे; स्कॉटलंडमध्ये लोकपाल वेगळा. ओआयए स्वतः तुम्हाला टू-वन देणार नाही. नियम चुकीचा लावला असं त्यांना पटलं, तर परीक्षा मंडळाने फेरविचार करावा अशी शिफारस ते करतात, आणि विद्यापीठं सहसा ती पाळतात. न्यायालयाचा विचार त्यानंतर. फक्त न्यायिक पुनर्विलोकनाची मुदत तीन महिन्यांच्या आतली असते. तेवढ्यासाठी तिथल्या सॉलिसिटरशी वेळीच एकदा बोलून ठेवा.

बाबांचं पत्र सध्या राहू द्या. करार तुमच्याशी आहे आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय विद्यापीठ त्यांना तुमच्या निकालाबद्दल चकार शब्द सांगणार नाही. अपील तुमच्याच नावाने, तुमच्याच विद्यापीठाच्या ईमेलवरून जाऊ द्या. बाबांना प्रतिनिधी नेमायचं असेल तर तसं संमतिपत्र सोबत जोडा.

पदवीदान समारंभ जवळ आला असेल, तर प्रमाणपत्र स्वीकारल्याने अपिलाचा हक्क जातो का, हे नोंदणी कार्यालयाला आधी लेखी विचारा. काही नियमावल्यांत तशी तरतूद असते. पुढच्या शिक्षणासाठी टू-वनच्या अटीवर प्रवेश मिळाला असेल, तर त्या विद्यापीठालाही आजच कळवा की श्रेणीविरुद्ध अपील चालू आहे, आणि निर्णय येईपर्यंत जागा राखून ठेवाल का, हे विचारा.