प्लेटलेट कुणी खाल्ल्या?

पोस्टिंगला नवीन आलीस, तर आधी बॅक्टेरियाचं प्रोटीन बनणं अडवणाऱ्या अँटिबायोटिक्सचे गट पक्के कर. बॅक्टेरियाच्या रायबोसोमच्या ३०एस भागावर बसतात जेंटामायसिन, अमिकासिन आणि डॉक्सिसायक्लिन. ५०एस भागावर अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड. पण गट एक म्हणून त्रास एक, असं समजू नकोस. जेंटामायसिन किडनी आणि कान बिघडवतं. डॉक्सिसायक्लिनने मात्र अन्ननलिका भाजते, म्हणून गोळी भरपूर पाण्याबरोबर आणि बसूनच घ्यायला सांग.

सगळ्यात जास्त लक्ष लिनेझोलिडवर ठेव. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचे रायबोसोम बॅक्टेरियासारखेच असतात, त्यामुळे तिथलंही प्रोटीन बनणं मंदावतं आणि अस्थिमज्जेला ते आधी जाणवतं.

निपाणीकडच्या एका मामांच्या पायाचं हाड शुगरमुळे सडलेलं, क्रिएटिनिनही वाढलेलं. लिनेझोलिड ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू होतं. सुरुवातीला प्लेटलेट २,४०,०००. तिसऱ्या आठवड्यात ९०,०००. ताप नाही, जखम सुधारतेय, म्हणजे जंतुसंसर्गाने उतरल्या म्हणावं तर पटत नव्हतं. औषध बदललं आणि प्लेटलेट हळूहळू वर आल्या. किडनी कमजोर असली की हा धोका वाढतो.

म्हणून दर आठवड्याला सीबीसी कर. गावी जाणाऱ्या पेशंटला तपासणीची तारीख चिठ्ठीवर मराठीत लिहून दे, कन्नड वाचणाऱ्याला कन्नडमध्ये. कोर्स महिन्यांवर गेला तर पायाच्या मुंग्या आणि नजरेचा धूसरपणा प्रत्येक भेटीत विचार. नसांची इजा प्लेटलेटसारखी भरून येईलच असं नाही. आणि डिप्रेशनची गोळी चालू आहे का, हे पहिला डोस देण्याआधीच विचार, कारण सेरोटोनिन वाढून थरथर, घाम आणि ताप येऊ शकतो.