ठोकळा अर्धा कापला तर?

"मुलगी आठवीत आहे. प्रत्येक धड्याखालचा स्वाध्याय तिला तोंडपाठ असतो, मी स्वतः विचारून घेते. तरी चाचणीत प्रश्न जरा फिरवून आला की पान कोरं. 'हा प्रश्न पुस्तकात नव्हताच' म्हणते. आणखी पाठांतर करून घेऊ, की जास्त प्रश्न असलेलं दुसरं पुस्तक आणू?"

दुसरं पुस्तक आत्ता तरी नको. ती तेही पाठ करेल. तिच्याच पुस्तकातले प्रश्न पुरतील, फक्त ते तिथे छापलेत तसेच सोडवून थांबायचं नाही. म्हणजे नेमकं काय करायचं, ते माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या गोष्टीतून सांगते.

हा मुलगाही आठवीतलाच. वडिलांनी त्याची वही आणली होती. स्वाध्याय पूर्ण, अक्षर सुरेख, चुका शून्य. मी घनतेचा धडा उघडला. त्यातलं गणित असं होतं: अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याचं वस्तुमान ५४० ग्रॅम, आकारमान २०० घन सेंमी, तर घनता किती? मी प्रश्न निम्मा वाचला असेल, तोवर त्याने लिहायला घेतलं. ५४० भागिले २००, उत्तर २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी. बरोबर.

मग मी विचारलं, "हाच ठोकळा मधोमध कापला, तर अर्ध्या तुकड्याची घनता किती?"

"१.३५," तो लगेच म्हणाला.

वडिलांनी डोक्याला हात लावला. मला मात्र हवं ते सापडलं होतं. त्याला सूत्र येत होतं, भागाकार येत होता, पण घनता हा पदार्थाचा गुण आहे, त्या तुकड्याचा नाही, हे कुठेच बसलं नव्हतं. पुस्तकातला प्रश्न कितीही वेळा सोडवला असता तरी हे उघड झालं नसतं, कारण त्या प्रश्नाला त्याची गरजच पडत नाही. मी त्याला काही समजावलं नाही. अर्ध्या तुकड्याचं वस्तुमान आणि आकारमान दोन्ही लिहायला सांगितलं. त्याने २७० आणि १०० लिहिलं, भागाकार केला, पुन्हा २.७ आले आणि तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

इथे एक खबरदारी सांगते, कारण बहुतेक पालक इथेच फसतात. "प्रश्न बदला" म्हटलं की ते आकडे बदलतात: ५४० च्या जागी ८१०, २०० च्या जागी ३००. किंवा व्याख्येतला एक शब्द काढून गाळलेली जागा करतात. प्रश्नाचं रूप बदललं, पण मुलाच्या डोक्याला काम तेच राहिलं. प्रश्न खरोखर बदलला की नाही, याची माझी कसोटी साधी आहे: आधीचं उत्तर पाठ असलेल्या मुलाला थांबावं लागलं का? पेन लगेच चालू लागलं, तर प्रश्न बदललेला नाही.

त्या मुलासाठी आम्ही त्याच एका गणिताचे प्रश्न आठवडाभर फिरवले. सगळ्यात सोपं म्हणजे प्रश्न उलटा करणं: घनता २.७ आणि आकारमान ५० घन सेंमी दिलंय, वस्तुमान काढ. १३५ ग्रॅम आलं. पहिल्यांदा सूत्र फिरवताना तो अडखळला, नंतर हे त्याला जमून गेलं आणि त्यात फार काही उरलं नाही.

खरा उपयोग झाला चुकीच्या उत्तराचा. मी कागदावर लिहून दिलं: "एकाने २०० भागिले ५४० करून घनता ०.३७ काढली. गणित न करता हे चूक आहे हे कसं ओळखशील?" तो म्हणाला, सूत्र उलटं आहे. मी म्हटलं, सूत्र विसरलास असं समज. आता? बऱ्याच वेळाने तो बोलला, "पाण्याची घनता १ आहे ना? ०.३७ म्हणजे हा ठोकळा पाण्यावर तरंगायला हवा. तो तर बुडतो." धड्यातली दोन वेगळी पानं त्याने पहिल्यांदाच आपणहून जोडली. त्या दिवसापासून प्रत्येक गणिताआधी मी एकच विचारत असे: उत्तर १ पेक्षा मोठं येईल की लहान? आधी अंदाज, मग भागाकार.

तिसरा प्रकार आमच्याकडून चुकून निघाला. मी त्याला स्वतः एक प्रश्न तयार करायला सांगितलं आणि त्याने लिहिलं, "५०० ग्रॅमच्या लाकडी ठोकळ्याची घनता काढा." सोडवायला गेला तेव्हा लक्षात आलं, आकारमान दिलंच नाही. तो खाडाखोड करणार होता, मी थांबवलं. हाच प्रश्न ठेवू आणि खाली लिहू: माहिती पुरेशी आहे का? नसेल तर काय हवं? नंतर आम्ही याचा उलटा प्रकारही केला, म्हणजे ठोकळ्याचा रंग, तापमान अशी नको असलेली माहिती मुद्दाम घालायची. दिलेली प्रत्येक संख्या वापरलीच पाहिजे, ही सवय मोडायला याइतकं काही कामाला येत नाही.

गणित नसलेल्या प्रश्नांनाही हे चालतं. त्याच धड्यात "कारण द्या: बर्फ पाण्यावर तरंगतो" असं होतं आणि त्याला दोन ओळींचं उत्तर पाठ होतं. मी विचारलं, बर्फाची घनता पाण्यापेक्षा जास्त असती, तर थंडीत गोठणाऱ्या तळ्यात बर्फ कुठे साठला असता आणि माशांचं काय झालं असतं? पाठ केलेल्या उत्तरात हे नव्हतं, पण उत्तर काढायला लागणारं सगळं त्यात होतं.

माझी एक चूकही सांगते. पहिल्या भेटीत उत्साहाच्या भरात मी एकाच गणिताचे नऊ प्रश्न करून दिले. पुढच्या वेळी मुलगा आला तो चेहरा पाडून. चार सोडवले होते, तेही घाईत. मग आम्ही ठरवलं: दिवसाला एकच स्वाध्याय-प्रश्न, त्याचं एकच नवं रूप, आणि तेच रूप दोन दिवसांनी दुसऱ्या धड्यातल्या प्रश्नावर. वीस मिनिटं पुरतात. मूळ प्रश्न मात्र आधी पुस्तक बंद करून सुटायला हवा. तोच सुटत नसेल तर फिरवायची घाई करू नका, मूल फक्त गोंधळतं. आणि एकक, चिन्हं, व्याख्येतले नेमके शब्द पाठच करावे लागतात, तिथे हा खटाटोप फुकट आहे.

तुमच्या मुलीसोबत सुरुवात चुकीच्या उत्तराच्या प्रकाराने करा. एखाद्या सोडवलेल्या गणितात तुम्ही मुद्दाम चूक करा आणि तिला शोधू द्या. आईची चूक काढायला मिळाली की मुलं आनंदाने बसतात.

तो मुलगा महिन्याने आला तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर त्याने स्वतःचा प्रश्न लिहून आणला होता: "अॅल्युमिनियमचा ठोकळा बुडतो, मग त्याचीच वाटी का तरंगते?" आम्ही दोघांनी मिळून मांडलं. तेच ५४० ग्रॅम अॅल्युमिनियम ठोकून वाटी केली आणि आतल्या पोकळीसकट तिने ८०० घन सेंमी जागा घेतली, तर ५४० भागिले ८०० म्हणजे साधारण ०.६८. एकापेक्षा कमी. "पण वाटीत पाणी भरलं तर?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पेन उचललं.