जन्मसाल बरोबर, वय मात्र छत्तीस

“आईला त्र्याऐंशीवं वर्ष चालू आहे आणि ती सगळ्यांना छत्तीस सांगते. कागद दाखवले तरी ऐकत नाही, उलट चिडते. नातवाला मात्र नातू म्हणूनच हाक मारते, म्हणून कधी कधी वाटतं की ती मुद्दाम करते. आम्ही दर वेळी खरं सांगायचं, की हो ला हो म्हणायचं?”

जुलै २०२३ मध्ये माझ्याकडे आलेल्या एका मुलाचे हे शब्द आहेत. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. आईंना अल्झायमर असल्याचे निदान आधीच झालेले होते आणि औषधेही सुरू होती. घरच्यांना आता त्यांच्याशी बोलायचे कसे, एवढेच समजून घ्यायचे होते.

पहिल्याच भेटीत सूनबाईंनी पर्समधून आधार कार्ड काढून आईंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “आई, हे बघा, यावर काय लिहिलंय?” आईंनी कार्ड हात लांब करून धरले, डोळे बारीक केले आणि तारीख मोठ्याने वाचली. “चौदा मार्च एकोणीसशे एक्केचाळीस. बरोबर आहे की! म्हणजे छत्तीसच ना?” सूनबाई हताश होऊन माझ्याकडे पाहू लागल्या. मी आईंना सहज विचारले की सध्या कोणते साल चालू आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “अठ्ठ्याहत्तर असेल. की सत्त्याहत्तर?”

त्यांच्या वजाबाकीत चूक नव्हती. आपली जन्मतारीख आपण शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत शेकडो वेळा सांगितलेली आणि लिहिलेली असते. ती पाढ्यांसारखी पक्की बसते आणि स्मृतिभ्रंशातही बराच काळ टिकते. वय मात्र असे कुठे साठवलेले नसते. ते दर वर्षी बदलते, आणि ते सांगण्यासाठी चालू साल माहीत असावे लागते. चालू सालाचे भान म्हणजे नुकत्याच घडलेल्या गोष्टींची सतत होत राहणारी नोंद, आणि अल्झायमरमध्ये नेमकी तीच नोंद सर्वांत आधी बिघडते, कारण नवी आठवण पक्की करणारा मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आणि त्याच्या लगतचा भाग या आजारात सुरुवातीलाच बाधित होतो. म्हणून आधार कार्डाचा उपयोग झाला नाही. कार्डावर त्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. जी गोष्ट निसटली होती, ती कार्डावर नव्हतीच.

पण मग छत्तीसच का? नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या मागे उरतात, हे निरीक्षण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडले होते. त्याच्या जोडीला असेही दिसते की वयस्कर माणसांना आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वर्षांच्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त ठळक येतात, कारण शिक्षण, नोकरी, लग्न, पहिले मूल हे सगळे बहुधा याच काळात पहिल्यांदा घडते. या आईंना १२ जुलै १९६१ चा दिवस, म्हणजे पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस, अगदी तपशिलाने आठवत होता. शनिवार पेठेतल्या घरातून बाहेर पडताना आईने देवघरातला कुठला डबा उचलला, हेही त्यांनी मला सांगितले. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, १९६७ मध्ये मुलगा आणि १९७० मध्ये मुलगी झाली, आणि पाळ्या सांभाळून संसार करण्याची ती दहा-बारा वर्षे त्यांच्या मनात आजही सर्वांत गजबजलेली आहेत. आठवणींची कड कोणत्याही एका तारखेला सरळ कापली जात नाही, त्यामुळे छत्तीस या आकड्यात काही गूढ शोधू नये. काही दिवसांनी त्या चाळीस सांगतील, काही महिन्यांनी कदाचित पंचवीस. जे आयुष्य त्यांना हाताशी लागते, त्या आयुष्यातल्या बाईचे वय त्या सांगतात.

हीच कड तिरकी असल्यामुळे नातू ओळखू येतो आणि वय छत्तीस राहते. छत्तीस वर्षांच्या बाईला वीस वर्षांचा नातू कसा असेल, हा मेळ आपण घालतो. आईंना तो घालता येत नाही, आणि मेळ बसत नाही हे जाणवण्याची क्षमताही आजारात कमी झालेली असते. घरच्यांना नाटकाचा संशय येतो तो इथेच. माझ्या अनुभवात हा संशय फार नुकसान करतो, कारण तो एकदा मनात बसला की माणूस आजाऱ्याची परीक्षा घेऊ लागतो. या घरातही तसेच झाले होते. मुलगा रोज संध्याकाळी कामावरून आला की दारातच विचारायचा, “आई, मी कोण, सांग बघू?” आई घाबरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, “दादा ना?”

दादा म्हणजे आईंचे थोरले भाऊ, जे बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. मुलाला हे अतिशय लागले होते. मी त्यांना एवढेच सांगितले की आईंच्या बाजूने पाहा: त्या छत्तीस वर्षांच्या आहेत, त्यांचा मुलगा दहा वर्षांचा आहे, आणि समोर केस पांढरे झालेला, चेहरा आपल्या माहेरच्या माणसांसारखा असलेला, आपुलकीने बोलणारा एक छप्पन्न वर्षांचा पुरुष उभा आहे. तो भाऊच असणार. त्यांनी मुलाला पुसून टाकलेले नाही. त्या त्याला रोज संध्याकाळी शोधतात.

शोधतात हे शब्दशः खरे होते. पाच वाजत आले की आई चपला घालून दाराशी येत, मुले शाळेतून यायची झाली म्हणून. सूनबाई कडी लावून म्हणायच्या, “अहो आई, तुमची मुलं म्हातारी व्हायला आली, आता कसली शाळा?” मग रडारड, कधी हात उगारणे. एकदा आईंनी विचारले की हे अजून ऑफिसातून का आले नाहीत, आणि मुलाने खरे सांगितले की बाबांना जाऊन चौदा वर्षे झाली. आईंनी ती बातमी पहिल्यांदाच ऐकली होती. दुसऱ्या दिवशी बातमी विसरली गेली, पण दिवसभर त्या कारण न कळता बेचैन राहिल्या. घडलेले विसरले तरी त्याने उठलेली भावना मागे राहू शकते, हे घरच्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

आता “खरं सांगायचं की हो ला हो म्हणायचं” या प्रश्नाकडे येते. मी दोन्हींची शिफारस करत नाही. आकडा दुरुस्त करायचा नाही आणि त्याला दुजोराही द्यायचा नाही. त्या आकड्यामागे जे चालले आहे, त्याच्याशी बोलायचे. आई म्हणाल्या, “मी छत्तीस वर्षांची आहे,” की सूनबाईंनी विचारायचे, “आई, ड्यूटीवरून घरी यायला किती वाजायचे?” आई म्हणाल्या, “हे आले नाहीत अजून,” की म्हणायचे, “बाबांची वाट बघताय का? त्यांना चहा कसा लागायचा?” यात एकही खोटे वाक्य नाही. शाळा सुटायला उशीर आहे, बाबा गावाला गेले आहेत, अशा रचलेल्या कथा मी टाळायला सांगते, कारण घरात पाच माणसे असली की पाच वेगळ्या कथा तयार होतात आणि आजारी माणसाला त्यातला खोटेपणा जाणवतो. मात्र आईंनी थेट डोळ्यांत पाहून विचारले की “हे गेले का गं?”, तर हो म्हणावे, हात धरून बसावे आणि त्यांना रडू द्यावे. तो प्रश्न विचारताना त्या आजच्या दिवसात असतात, आणि तेव्हा त्यांना १९७७ मध्ये ढकलणे हाही अन्यायच आहे.

पाच वाजताच्या चपलांसाठी आम्ही वेळ बदलली. साडेचारलाच चहा, खोलीत दिवे, आणि मेथीची जुडी किंवा मटारच्या शेंगा आईंसमोर. सूनबाई म्हणायच्या, “संध्याकाळच्या खाण्याला काय करूया?” छत्तीस वर्षांच्या आईला जे करायचे होते, ते कामच त्यांच्या हातात आले. आठवड्यातले चार-पाच दिवस याने निभावले. उरलेल्या दिवशी सूनबाई त्यांच्याबरोबर चपला घालून इमारतीला एक फेरी मारून येत.

एका ठिकाणी मात्र हे वय खरोखर धोक्याचे ठरते, ते म्हणजे शरीराच्या बाबतीत. आई रक्तदाबाची गोळी नाकारू लागल्या, कारण “या वयात कसली गोळी?” त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. तिथे वयावरून वाद न घालता, गोळी रोजच्या नाश्त्याबरोबर, रोज त्याच माणसाने, काही न समजावता द्यायची असे ठरवले. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढण्याची त्यांची सवय उफाळून आली होती, म्हणून स्टूल घरातून हलवले आणि त्यांचे डबे खालच्या फळीवर आणले. कपाटाच्या आरशात दिसणारी म्हातारी कोण, असे त्या दोनदा घाबरून विचारत्या झाल्या, तेव्हा त्या आरशावर पडदा लावला. आरसा दाखवून वय पटवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दवाखान्यात वय विचारले जाते तेव्हा उत्तर चारचौघांत दुरुस्त होऊ नये, म्हणून मुलगा खरे वय आणि औषधे लिहिलेली चिठ्ठी आधीच आत देऊ लागला.

आणखी एक गोष्ट बजावून सांगते. आतापर्यंत वर्णन केलेला बदल महिनोन्‌महिने हळूहळू होतो. वय कालपर्यंत बरोबर सांगणारे माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळले, दिवसा गुंगीत आणि रात्री जागे राहू लागले, नसलेली माणसे पाहू लागले, तर तो स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा समजून घरी थांबू नका. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, नुकतीच सुरू झालेली झोपेची गोळी अशी कारणे त्यामागे असू शकतात, ती बऱ्याचदा उपचाराने दूर होतात, आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. निदानच झालेले नसेल, तर बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्याही व्हायला हव्यात.

मुलाला “मी कोण?” हा प्रश्न सोडायला सुमारे महिना लागला. तो आता दारातून आत येतानाच म्हणतो, “आलो गं, चहा घेऊया,” आणि आईंनी दादा म्हटले तरी तसाच शेजारी बसतो. नोव्हेंबरात तो एकटाच भेटायला आला होता. आदल्या संध्याकाळी आईंनी शेंगा सोलता सोलता त्याला, म्हणजे दादाला, आपल्या मुलाबद्दल सांगितले होते. “गणित त्याला जमत नाही रे, पण चित्रं काय काढतो! वह्यांची मागची पानं सगळी भरलेली असतात. मास्तर ओरडतात, मी नाही ओरडत.” त्या वह्यांबद्दल आईला माहीत होते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच कळले.