दादाला ‘नाही’ कसं कळवू?

प्रश्न: मामेभाऊ दुकान वाढवायला चार लाख मागतोय, दोन वर्षांत परत देतो म्हणतो. माझी पाच लाखांची एफडी आहे, पण पुढच्या जूनपासून लेकीच्या कॉलेजची फी सुरू होईल. मी मेसेज लिहिलाय: ‘सध्या आर्थिक अडचणीमुळे आपली विनंती मान्य करणे शक्य नाही. एफडी मुदतीपूर्वी मोडल्यास दंड लागतो. क्षमस्व.’ पाठवू का?

उत्तर: निर्णय बरोबर आहे, पण हा मेसेज पाठवू नका. ‘सध्या’ म्हटलंत की दिवाळीनंतर पुन्हा फोन येणार. ‘आर्थिक अडचण’ खरी नाही, आणि घरच्या माणसांना ते कळतं. दंडाचं कारण तर सगळ्यात लंगडं आहे. मुदतीआधी एफडी मोडली तर जितके दिवस ठेवली तितक्या मुदतीचा दर मिळतो आणि त्यातून साधारण अर्धा ते एक टक्का कापतात. समजा, सगळं धरून दीड टक्का कमी मिळाला, तर पाच लाखांवर वर्षाला साडेसात हजार. दादा लगेच म्हणेल, “तेवढे मी भरतो.” मग काय सांगाल?

खरं कारण तारखेचं आहे. फी जूनमध्ये भरायची आणि पैसे परत येणार दोन वर्षांनी, तेही दुकान चाललं तर. तेवढं एकच कारण द्या, आणि ‘नाही’ सुरुवातीलाच येऊ द्या. मी असं लिहीन:

‘दादा, काल फोनवर मी नुसतं बघते-बघते म्हणत राहिले, म्हणून आज नीट लिहितेय. चार लाख मला देता येणार नाहीत. ते लेकीच्या फीचे आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. तू दुकानासाठी किती राबतोस ते मी लहानपणापासून बघतेय, म्हणून तुला ताटकळत ठेवायचं नाही. वीस हजार माझ्याकडून, नव्या रॅकसाठी. ते परत द्यायचे नाहीत. रविवारी येते, बँकेचे कागद आपण मिळून लावू. वहिनीला सांग, जेवायलाच येतेय.’

वीस हजार झेपत नसतील तर ते वाक्य काढा, पण ‘जमलं तर बघू’ असं काही त्या जागी घालू नका. ‘आपली विनंती’ गेली आणि ‘तू’ आलं, मेसेजातला निम्मा कोरडेपणा तिथेच जातो.

रविवारी खरंच जा. मुद्रा योजनेत ‘किशोर’ गटात 50,000 ते 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं आणि तारण लागत नाही. उद्यम नोंदणी, बँकेचं स्टेटमेंट आणि घ्यायच्या सामानाचं कोटेशन एवढं आधी जमवा. बँक दुकानाची उलाढाल बघेल. ती पुरेशी नसेल तर हप्ता झेपणार नाही हे दादालाही तिथेच दिसेल.

त्या दिवशी एक प्रश्न हमखास येईल: “मग निदान जामीन तरी राहतेस?” त्यालाही नाहीच म्हणा. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, म्हणजे पुन्हा त्याच एफडीकडे. “दादा, पैशांना नाही म्हटलं तेच सहीलाही,” एवढं बोला आणि कोटेशनचा कागद पुढे ओढा.